बूच लावलेल्या बाटलीतली चुनखडी

नागपुरात बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरातला गीझर उघडला की कॉइलवर पांढरा, दगडासारखा थर दिसतो. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी. हीच चुनखडी २५ अंश सेल्सियसच्या शुद्ध पाण्यात किती विरघळते, हा प्रश्न बी.एस्सी.च्या मुलांना घातला तर बहुतेक वहीत एकच ओळ येते: विद्राव्यता गुणाकाराचं वर्गमूळ. कॅल्साइटसाठी या गुणाकाराचा pK ८.४८ आहे. वर्गमूळ काढलं की लिटरमागे ५७.५ मायक्रोमोल, म्हणजे ५.८ मिलिग्रॅम. उत्तर देखणं आहे, पण चूक आहे. बंद बाटलीत प्रत्यक्षात याच्या जवळजवळ दुप्पट विरघळतं आणि उघड्या भांड्यात आठपटीहून जास्त.

वर्गमूळ चुकतं, कारण कार्बोनेट आयन पाण्यात गप्प बसत नाही. तो पाण्याकडून प्रोटॉन घेतो आणि बायकार्बोनेट होतो. बायकार्बोनेटातला थोडासा भाग पुढे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड होतो. कार्बोनेट असं खर्च झालं की घन पदार्थ आणखी विरघळतो. पुस्तकं इथे ‘हे नगण्य धरू, ते नगण्य धरू’ म्हणत पुढे जातात. आम्ही हे गणित काहीही नगण्य न धरता कसं सोडवतो, ते इथे सलग लिहितो आहोत.

आधी बाटली नीट ठरवायची. उकळून थंड केलेलं डिस्टिल्ड पाणी, तळाशी पुरेशी चुनखडीची पूड, पाणी काठोकाठ आणि वर घट्ट बूच. आत हवेचा बुडबुडा नको. (फळ्यावरचा खडू आणू नका, तो बऱ्याचदा जिप्समचा असतो आणि मग सल्फेटचं वेगळंच गणित मांडावं लागतं.) या वर्णनातला प्रत्येक शब्द पुढे समीकरणात उतरणार आहे. बूच तर सगळ्यात जास्त.

आता पाण्यात काय काय आहे ते लिहायचं. कॅल्शियम आयन, कार्बोनेट, बायकार्बोनेट, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड (कार्बॉनिक आम्लासह एकच धरलेला), हायड्रोजन आयन, हायड्रॉक्साइड. सहा अज्ञात. समतोल स्थिरांक मिळतात चार: चुनखडीचा ८.४८, कार्बॉनिक आम्लाचे ६.३५ आणि १०.३३, पाण्याचा १४.००. सगळे pK, सगळे २५ अंशांचे. सहा अज्ञातांना चार समीकरणं पुरत नाहीत. अंदाज करायचा मोह इथेच होतो, कारण दोन समीकरणं कमी पडली की माणूस दोन पदं खोडतो. खोडायची गरज नाही. राहिलेली दोन समीकरणं बाटलीतच आहेत.

पहिलं चार्ज बॅलन्स. द्रावणाला एकूण विद्युतभार नाही, म्हणून धन भार आणि ऋण भार सारखे:

```
2[Ca²⁺] + [H⁺] = [HCO₃⁻] + 2[CO₃²⁻] + [OH⁻]
```

सगळ्यात जास्त चुका या २ पाशी होतात. ‘कॅल्शियम दुप्पट आहे म्हणून २’ असं मुलं समजतात, आणि मग एका कॅल्शियममागे एक कार्बोनेट आहे हे आठवलं की तो २ पुसून टाकतात. हा २ संख्येचा नाही, भाराचा आहे. लिटरमध्ये ११० मायक्रोमोल कॅल्शियम असेल तर तो २२० मायक्रोमोल धन भार वाहतो, इतकाच त्याचा अर्थ. आयनावर जितका भार, तितक्याने त्याच्या संहतीला गुणायचं. कार्बन डायऑक्साइडवर भार नाही, म्हणून तो या ओळीत येतच नाही.

दुसरं मास बॅलन्स. बाटलीत कॅल्शियम आणि कार्बन दोन्ही फक्त चुनखडीतून आले आहेत. घनातून एक कॅल्शियम सुटला की एक कार्बन सुटतोच. त्या कार्बनने पुढे कुठलंही रूप घेतलं तरी बूच असल्याने तो बाहेर जाऊ शकत नाही:

```
[Ca²⁺] = [CO₃²⁻] + [HCO₃⁻] + [CO₂]
```

इथे कुठेही २ नाही, कारण आपण अणू मोजतो आहोत, भार नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र इथे हजर आहे. दोन्ही ओळी शेजारी ठेवून हा फरक एकदा बघितला की घोटाळा सहसा परत होत नाही.

हायड्रोजन किंवा ऑक्सिजनचा मास बॅलन्स का नाही, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. लिटरभर पाण्यात पाण्याचेच साधारण ५५ मोल असतात. त्यात काही मायक्रोमोलची उलाढाल मोजणं म्हणजे धान्याच्या गोदामात चिमूटभर तांदूळ शोधणं. हायड्रोजनचा हिशेब चार्ज बॅलन्स आपोआप ठेवतो.

आणखी एक सापळा सांगायला हवा. चार्ज बॅलन्समधून मास बॅलन्सची दुप्पट वजा केली तर हे मिळतं:

```
[H⁺] + [HCO₃⁻] + 2[CO₂] = [OH⁻]
```

याला प्रोटॉन बॅलन्स म्हणतात. खूप उपयोगी ओळ आहे, पण ती सातवं समीकरण नाही. ती त्याच दोघांची बेरीज-वजाबाकी आहे. कुणी चार्ज, मास आणि प्रोटॉन असे तिन्ही बॅलन्स लिहून एखादा स्थिरांक वगळला, तर मोजणीत सहाला सहा दिसतात. पण पानभर बीजगणित केल्यावर हाती ० = ० येतं. अशी ओळ आली की आकडेमोड तपासत बसू नका. एकच गोष्ट दोनदा लिहिली आहे, ती कुठे लिहिली ते शोधा.

सहाला सहा झाली. ती हाताने एकात एक घालत गेलं की मोठ्या घाताचं एकच समीकरण उरतं, आणि ते सोडवण्यात शहाणपण नाही. सगळं एकाच अज्ञातावर, पीएचवर, आणायचं. पीएच माहीत आहे असं क्षणभर मानलं, तर कार्बनपैकी किती हिस्सा कोणत्या रूपात आहे हे दोन आम्ल-स्थिरांकांवरून लगेच कळतं. कार्बोनेटचा हिस्सा कळला की एकूण विरघळलेलं किती तेही कळतं: एकूण कार्बन आणि कॅल्शियम सारखेच आहेत, म्हणून विद्राव्यता गुणाकाराला कार्बोनेटच्या हिश्श्याने भागून वर्गमूळ घ्यायचं. ते सुरुवातीचं बदनाम वर्गमूळ इथे परत येतं, पण दुरुस्त होऊन. पाच समीकरणं अशी वापरून झाली. सहावं, चार्ज बॅलन्स, आपण मानलेला पीएच बरोबर आहे की नाही ते सांगायला राखून ठेवलं आहे.

एक्सेलमध्ये हे एका रांगेत बसतं:

```
A2: 9.5
B2: =10^-A2
C2: =B2^2 + B2*10^-6.35 + 10^-16.68
D2: =10^-16.68/C2
E2: =SQRT(10^-8.48/D2)
F2: =B2*10^-6.35/C2
G2: =(2*E2 + B2 - E2*(F2+2*D2) - 10^-14/B2)*10^6
```

A मध्ये पीएच. D मध्ये कार्बोनेटचा हिस्सा, F मध्ये बायकार्बोनेटचा, E मध्ये विद्राव्यता. १६.६८ म्हणजे ६.३५ आणि १०.३३ यांची बेरीज. G मध्ये धन भारातून ऋण भार वजा करून उरलेली शिल्लक, मायक्रोमोलमध्ये. ही शिल्लक शून्य करणारा पीएच म्हणजे उत्तर.

पीएच ९ ला शिल्लक +२५१ येते, ९.५ ला +१०८, १० ला −३०.५. चिन्ह ९.५ आणि १० यांच्या मध्ये बदललं, म्हणजे उत्तर तिथेच कुठेतरी. ९.९० ला +१.२, ९.९१ ला −१.८. ९.९०४ ला शिल्लक शून्याला टेकते. शिल्लक धन असेल तर मानलेला पीएच कमी आहे, ऋण असेल तर जास्त. पीएच वाढत जाईल तशी ती एकाच दिशेने उतरते, म्हणून उत्तर एकच आहे आणि मधला बिंदू घेत घेत गेलं तरी कधी चुकत नाही. मधलं अंतर दर वेळी निम्मं होतं, तेव्हा सात-आठ पायऱ्यांत दोन दशांश स्थळं पक्की होतात.

शेवटच्या `*10^6` ला शोभेचं समजू नका. पुष्कळ जण संहती मोल प्रति लिटरमध्येच ठेवतात आणि गोल सीक चालवतात. गोल सीक मूळच्या सेटिंगमध्ये लक्ष्यापासून ०.००१ इतकं जवळ पोचलं की थांबतं. आपल्या संहती ०.०००१ च्या घरातल्या, म्हणजे पीएच ९.५ असो की १०, एक्सेलला सगळंच शून्य वाटतं. ते पहिल्याच आकड्यावर ‘उत्तर सापडलं’ म्हणून मोकळं होतं. ओळखायची खूण सोपी: दोन वेगळ्या आकड्यांपासून सुरुवात करून बघा. उत्तरं वेगळी आली तर दोष समीकरणांत नाही, थांबण्याच्या अटीत आहे. अज्ञात म्हणून हायड्रोजन आयनाची संहती न घेता पीएच घ्यायचा, त्याचं कारण मात्र वेगळं. संहतीत उडी मारताना संगणक सहज ऋण आकड्यात जातो. पीएचमध्ये तसं होऊ शकत नाही.

बाटलीतलं उत्तर आता असं आहे: पीएच ९.९०, कॅल्शियम ११०.२ मायक्रोमोल, बायकार्बोनेट ८०.१, कार्बोनेट ३०.१, हायड्रॉक्साइड ८०.२, कार्बन डायऑक्साइड ०.०२. पडताळा हाताने घ्या. धन भार २२०.४. ऋण भार ८०.१ अधिक ६०.१ अधिक ८०.२, म्हणजे २२०.४. अणूंचा हिशेब: ८०.१ अधिक ३०.१, म्हणजे ११०.२. लिटरमागे ११ मिलिग्रॅम चुनखडी विरघळली.

पुस्तकी अंदाज कुठे बरोबर होता आणि कुठे नव्हता, हे आता न भांडता दिसतं. नेहमीचा दुसरा अंदाज असा असतो: विरघळलेलं सगळं कार्बोनेट बायकार्बोनेट झालं, म्हणून कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि हायड्रॉक्साइड तिन्ही सारखे. घनमूळ काढलं की ८९ मायक्रोमोल आणि पीएच ९.९५ येतो. पीएच इतका जवळ आला की बहुतेकांचा त्यावर विश्वास बसतो. विद्राव्यता मात्र १९ टक्क्यांनी कमी आहे, कारण कार्बनपैकी २७ टक्के अजून कार्बोनेटच आहे आणि त्याला शून्य धरलं गेलं. हायड्रोजन आयन आणि कार्बन डायऑक्साइड वगळले असते तर काही बिघडलं नसतं. पण हे आपल्याला उत्तर हातात आल्यावर कळलं, आधी नाही.

आता बूच काढा. भांडं उघडं ठेवा आणि हवेशी पूर्ण समतोल होईपर्यंत थांबा. स्थिरांक तेच, अज्ञात तेच सहा, चार्ज बॅलन्स अक्षरश: तोच. मास बॅलन्स मात्र खोटा झाला, कारण आता कार्बन हवेतूनही येतो. तो खोडून त्याच्या जागी हेन्रीचा नियम येतो: हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत ४२० भाग धरला आणि हेन्रीचा pK १.४७ घेतला, तर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १४.२ मायक्रोमोलवर बांधला जातो. पीएच मानला की बायकार्बोनेट आणि कार्बोनेट त्यावरून, कार्बोनेटवरून कॅल्शियम, आणि शेवटी पुन्हा तीच भाराची शिल्लक शून्य करायची.

उत्तर: पीएच ८.१८, कॅल्शियम ४८८ मायक्रोमोल, बायकार्बोनेट ९६१, कार्बोनेट ६.८. लिटरमागे जवळजवळ ४९ मिलिग्रॅम. आणि एकूण कार्बन मोजा: ९६१, ६.८ आणि १४.२ मिळून ९८२. कॅल्शियमच्या दुप्पट. म्हणजे पाण्यातला निम्मा कार्बन चुनखडीतला नाहीच, हवेतला आहे. बंद बाटलीचा मास बॅलन्स इथे चिकटवून ठेवला असता तर हा निम्मा कार्बन नाकारला गेला असता. या गणितात सगळ्यात महागडी चूक हीच, आणि ती आकडेमोडीत नसते, भांड्याकडे न बघण्यात असते.

याच धाग्यातल्या आणखी दोन परिस्थिती. बाटलीत थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं असेल तर क्लोराइडला चार्ज बॅलन्सच्या उजव्या बाजूला जागा द्यावी लागते, जरी ते कुठल्याच समतोलात भाग घेत नसलं तरी. ते विसरलं की गणित आम्ल घातलंच नाही असं धरून चालतं. आणि कुणी बफर घालून पीएच ८ वर धरला असेल, पण बफरमध्ये काय आणि किती ते सांगितलं नसेल, तर चार्ज बॅलन्स लिहिताच येत नाही, कारण सगळे आयन आपल्याला माहीत नाहीत. तिथे ते समीकरण सोडायचं आणि दिलेला पीएच त्याच्या जागी घ्यायचा. एक समीकरण गेलं, एक अज्ञातही गेला.

आता या उत्तराच्या मर्यादा. आपण संहती हीच क्रियाशीलता धरली. बंद बाटलीतलं आयनिक बल फक्त ०.०००३६ आहे, तरी दोन भारांच्या आयनांचा क्रियाशीलता गुणांक ०.९१५ येतो. त्यानुसार स्थिरांक बदलून तेच पान परत चालवलं की विद्राव्यता ११७ होते आणि पीएच ९.९१. पीएच जवळपास जागच्या जागी, विद्राव्यता ६ टक्क्यांनी वर.

दुसरी मर्यादा जास्त गमतीची आहे. कॅल्शियम आणि कार्बोनेट जोडीने, भार नसलेल्या कणाच्या रूपातही विरघळतात. या जोडीच्या स्थिरांकाचा लॉग ३.२२ धरला आणि त्याला विद्राव्यता गुणाकाराने गुणलं, तर जोडी ५.५ मायक्रोमोल येते, आणि घन पदार्थ शिल्लक आहे तोवर पीएच काहीही असला तरी तितकीच राहते. अज्ञात सातवा आला, म्हणून सगळं गणित नव्याने करावं लागेल असं वाटतं. पण मास बॅलन्समध्ये ही जोडी कॅल्शियमच्याही बाजूला येते आणि कार्बनच्याही, म्हणून कटते. भार नाही, म्हणून चार्ज बॅलन्समध्ये येतच नाही. सुटे आयन होते तितकेच राहतात. फक्त शेवटच्या बेरजेत ५.५ मिळवायचे.

तिसरी मर्यादा तापमानाची, आणि नागपुरात ती विसरून चालत नाही. मे महिन्यात कूलर बंद पडलेल्या प्रयोगशाळेत बाटलीतलं पाणी सहज ४० अंशांवर असतं. तिथे चारही स्थिरांक बदलतात: चुनखडीचा ८.५८, कार्बॉनिक आम्लाचे ६.३० आणि १०.२२, पाण्याचा १३.५३. चुनखडीचा विद्राव्यता गुणाकार तापमानाबरोबर कमी होतो, म्हणून गरम पाण्यात ती कमी विरघळेल असं कुणीही म्हणेल. वरच्या पानात हे चार आकडे घालून बघा. बंद बाटलीत पीएच ९.५४ येतो आणि विद्राव्यता १२३ मायक्रोमोल, २५ अंशांपेक्षा जास्त. गुणाकार घटला खरा, पण पाण्याचा स्थिरांक जवळजवळ तिप्पट झाला, कार्बोनेट जास्त प्रमाणात बायकार्बोनेट झालं, आणि त्या ओढीने घटीवर मात केली. गीझरमध्ये उलट घडतं. तिथलं पाणी जमिनीतून भरपूर बायकार्बोनेट घेऊन आलेलं असतं, तापल्यावर त्यातला कार्बन डायऑक्साइड निसटतो, पीएच चढतो आणि चुनखडी कॉइलवर बसते.